अणूचं आत्मवृत्त, शब्दमर्यादा तीनशे

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला निर्जीव वस्तूंच्या तोंडून बोलायची सवय लहानपणीच लागते. पाचवी ते दहावी या काळात मी स्वतः फाटकं पुस्तक, वठलेला वड, पडका किल्ला, गंजलेली सायकल आणि एकदा तर वाहून गेलेला पूल झालो आहे. या सगळ्या मंडळींचं आयुष्य एकाच साच्यातलं. आधी वैभव, मग उपेक्षा, शेवटी 'निदान तुम्ही तरी माझी कहाणी ऐकलीत' आणि दहापैकी साडेसहा गुण. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आठवीतल्या कन्येने 'बाबा, सोमवारपर्यंत कार्बनच्या अणूची गोष्ट लिहायचीय, त्याच्याच तोंडून' असं सांगितलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "पुलाच्या जागी अणू घाल."

"हवा, वनस्पती, प्राणी आणि खडक चारही आले पाहिजेत. तीनशे शब्दांत."

बीएस्सीला माझा विषय रसायनशास्त्र होता. त्यानंतर गेली बावीस वर्षं मी विम्याचे हप्ते गोळा करतो, पण पदवी ही पदवीच. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि तिथेच आमच्या घरचा रविवार संपला.

कन्येचा पहिला खर्डा तयारच होता. 'मी कार्बन-१४ चा अणू बोलतोय. मी हवेत आनंदाने विहरत होतो. एके दिवशी मला एका झाडाने आत ओढले. ते झाड एका शेळीने खाल्ले. काही काळाने शेळी मरण पावली. ती मातीत गाडली गेली व तिचा खडक झाला. लाखो वर्षांनी मी ज्वालामुखीतून परत हवेत आलो. अशा प्रकारे माझे चक्र पूर्ण झाले. धन्यवाद.'

"कार्बन-१४ का?" मी विचारलं.

"साधा कार्बन सगळेच घेणार. हा स्पेशल असतो."

असतो खरा, पण त्याचा स्पेशलपणाच त्याच्या मुळावर येतो. कार्बन-१४ चे अणू मुठीत धरले, तर ५,७३० वर्षांत त्यातल्या निम्म्यांचा नायट्रोजन झालेला असतो, पुढच्या तितक्याच वर्षांत उरलेल्यांतल्या निम्म्यांचा. पन्नास हजार वर्षांनी मोजायला फारसं काही उरत नाही. म्हणून तर जुनी हाडं नि लाकडं किती जुनी ते त्याच्यावरून काढतात. पण आपला नायक लाखो वर्षं खडकात बसणार आणि वाटेतच नायट्रोजन होणार, म्हणजे गोष्टीच्या मध्यावर नायकाची जातच बदलायची. कन्येने नाखुशीने १४ खोडलं.

शेळीचा प्रश्न त्याहून अवघड होता. मेलेल्या शेळीचा खडक होत नाही. तिला आधी जंतू खातात, मग बुरशी, मग त्यांना खाणारे आणखी कुणी, आणि हे सगळे खाता खाता श्वास सोडत असतात. थोड्याच काळात शेळीतला बहुतेक कार्बन परत हवेत गेलेला असतो. गाडलं जाऊन खडकापर्यंत पोचणारा अगदीच एखादा. "मग पुस्तकात बाण कसा काढलाय?" असं तिने विचारलं. पुस्तकात चार चौकोन असतात आणि त्यांना जोडणारे चार सारख्या जाडीचे बाण. साताऱ्याहून कराडला जाणारी एसटी आणि चंद्रावर जाणारं यान यांना एकाच जाडीचा बाण काढला तर प्रवाशाची जशी समजूत होईल, तशीच विद्यार्थ्यांची होते.

इथे मला पदवी आठवली आणि मी एक चूक केली. मी तिला खरं काय ते सांगितलं. पृथ्वीच्या कवचात, समुद्रात, हवेत आणि सजीवांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्यातला ९९.९ टक्क्यांहून जास्त खडकात आहे. म्हणजे एखादा अणू डोळे मिटून उचलला, तर त्याचं जवळपास सगळं आयुष्य खडकातच गेलेलं असणार. दोनशे पानी वही आत्मवृत्ताने भरायची म्हटली, तर खडकाबाहेरचं आयुष्य जेमतेम अडीच ओळींचं. त्या अडीच ओळींतलाही बहुतेक भाग समुद्रात विरघळून राहण्याचा. हवा, झाड आणि शेळी या तिघांच्या वाट्याला मिळून येतात दीड शब्द.

अर्ध्या तासाने कन्येने दुसरा खर्डा आणून दिला.

'मी कार्बनचा अणू बोलतोय. मी खडकात आहे. काही घडले नाही. मी अजून खडकात आहे. काही घडले नाही. मी अजूनही खडकातच आहे.' असं दोन पानं. शेवटी 'हवेत गेलो, ऊ'.

"'ऊ' काय?"

"ऊस लिहायचा होता. दीड शब्द संपला."

तिच्या आईने हा खर्डा वाचून तोच शाळेत द्यावा असं मत दिलं. शास्त्राच्या दृष्टीने मलाही त्यात दोष काढता येईना. पण चारही मुद्दे आले पाहिजेत ही अट होती. शिवाय पालकांच्या ग्रुपवर एकाने मुलाच्या अणूचं थर्माकोलचं मॉडेल टाकलं होतं. दिवे लागतात असं. तेव्हा रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि तिला घेऊन आत्याकडे गेलो.

आत्याचं गाव कराडपासून जवळच, कृष्णाकाठचं. तिच्याकडे ऊस आहे, म्हैस आहे, आणि जुना वाडा असल्यामुळे दगड तर गरजेपेक्षा जास्त आहेत. चारही चौकोन एका वाड्यात. हवा काय, सगळीकडे असतेच.

हवेचं प्रकरण थोडक्यात आटोपतं. दहा लाख रेणूंच्या गर्दीत कार्बन डायऑक्साइडचे सव्वाचारशेच्या आसपास. १९५८ साली हवाई बेटांवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा ते सव्वातीनशेच्याही आत होते. एखादा रेणू हवेत सरासरी चार-पाच वर्षं काढतो, तेवढ्यात त्याला कुठलं तरी पान नाही तर समुद्र गाठतो. दोनेक वर्षांत तो जगभर मिसळून जातो, त्यामुळे पुण्यातल्या रिक्षाचा धूर आणि पेरूमधल्या माणसाचा श्वास यांत पुढे काही फरक राहात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडणार आहे.

उसाचं मात्र तसं नाही. आत्याच्या बांधावर उभं राहून मी कन्येला एक पान उलटून दाखवलं. पानाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य तोंडं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत जाते. आत हवेतला कार्बन पकडून त्याची साखर करायचं मुख्य काम ज्याच्याकडे आहे, त्या प्रथिनाचं नाव रुबिस्को. पृथ्वीवर सर्वांत मुबलक असलेल्या प्रथिनांत याची गणना होते. याला कारण मात्र त्याची कर्तबगारी नाही. रुबिस्को सेकंदाला जेमतेम चार-पाच फायली हातावेगळ्या करतो, तिथे इतर विकरं शेकड्यांनी, हजारांनी करतात. शिवाय त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक नीट कळत नाही. चुकून ऑक्सिजन धरला की केलेलं काम निस्तरण्यात झाडाची शक्ती जाते, हाती आलेला थोडा कार्बनही परत सुटतो. काम होत नाही म्हणून माणूस बदलण्याऐवजी तीच माणसं आणखी भरायची, हा उपाय झाडांनी सरकारच्या कितीतरी आधी शोधला आहे.

भात आणि गहू या कारभाराला कंटाळून का होईना, पण चालवून घेतात. ऊस, ज्वारी आणि मका यांनी मधली वाट काढली. त्यांच्या पानात बाहेरच्या खोलीत एक चलाख कारकून बसतो. तो ऑक्सिजनला भुलत नाही. तो कार्बन पकडतो, चार कार्बनांचं एक पाकीट करतो आणि आतल्या खोलीत पाठवतो. तिथे साहेब रुबिस्को दार लावून बसलेले. पाकीट फुटलं की खोलीत कार्बन डायऑक्साइडची एवढी दाटी होते, की साहेबांनी हात पुढे केला तरी दुसरं काही हाताला लागतच नाही. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्याच पानावर काम करून ही व्यवस्था उलगडून मांडली.

"म्हणून ऊस एवढा माजतो होय," आत्या म्हणाली. तिला वाटत होतं युरियामुळे. ते अर्थात खोटं नाही.

या कारकुनाची एक खूण मागे राहते. कार्बनच्या शंभर अणूंत एखादा थोडा जड असतो, कार्बन-१३. भाताचा साहेब जड अणूला शक्यतो टाळतो, उसाचा कारकून तेवढा चोखंदळ नाही. त्यामुळे उसाच्या साखरेत जड अणूंचं प्रमाण किंचित जास्त भरतं. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक भाताच्या पद्धतीची, तेव्हा मधात कुणी उसाचा पाक घातला तर प्रयोगशाळेत जड-हलके अणू मोजून तो पकडता येतो. चव, रंग, काडीने पाण्यात टाकून बघणं या घरगुती परीक्षांतून पाक सुटतो, यातून सुटत नाही. पानापासून ते बाटलीपर्यंत अणू आपली घराण्याची खूण बाळगून असतो हे ऐकून आत्याला तो एकदम आपल्यातला वाटू लागला.

उसाची पुढची वाट गावात सगळ्यांना ठाऊक असते. पानातली साखर देठातून कांडीत उतरते, वर्ष-दीड वर्षाने ऊस तुटतो, गुऱ्हाळात रस निघतो, काहिलीत आटतो आणि गूळ होतो. पण रस निघाल्यावर उरलेलं चिपाड त्याच काहिलीखाली चुलवणात घालतात. म्हणजे एकाच पानात शेजारी शेजारी बसलेले दोन अणू, त्यातला एक ढेपेत जातो आणि दुसरा त्याच दुपारी धुराड्यातून हवेत. चमचाभर गुळात जाणाऱ्यांची संख्या एकावर तेवीस शून्यं, एवढी. चक्राचा बाण नेमका कुठल्या अणूचा काढायचा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा आमच्या मनात आला.

मग म्हैस. तिला उसाची वाढी घातली होती. कन्या वही घेऊन समोर बसली. तिच्या कच्च्या टिपणात 'व मी तिच्या शेणातून बाहेर आलो' असं होतं आणि ते वर्गात मोठ्याने वाचावं लागेल या कल्पनेने ती अस्वस्थ होती. मी तिला धीर दिला. शेणाचा वाटा मोठा आहे, पण निम्म्याच्या आसपास कार्बन नाकातोंडावाटे श्वासातूनच जातो. आणि थोडासा जातो ढेकरेतून. म्हशीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात हवा नसते, तिथले सूक्ष्मजीव चारा आंबवताना मिथेन करतात. लोक उगाच म्हशीच्या मागल्या बाजूवर संशय घेतात. हा वायू बहुतेक सगळा पुढूनच येतो. मिनिटा-दोन मिनिटाला एक, न चुकता.

"बघ," मी म्हणालो. आम्ही तिघं म्हशीच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. गळ्याच्या डाव्या अंगाला एक लाट खालून वर सरकली, म्हशीने रवंथ क्षणभर थांबवला, मान जराशी पुढे केली. आवाज म्हणावा तर नाही. आंबूस वास मात्र आला.

"मिथेन," मी म्हणालो.

"मिथेनला वास नसतो," कन्या म्हणाली. हे तिच्या पुस्तकात होतं. वास सोबतच्या मंडळींचा होता. या रूपात गेलेला अणू हवेत साधारण दहा वर्षं काढतो आणि मग परत कार्बन डायऑक्साइड होऊन रांगेत उभा राहतो.

आता उरला खडक, आणि गोष्ट तिथेच अडली. कन्येच्या मनात शेवट ठरलेला होता. अणू समुद्रात जाणार, शिंपला होणार, शिंपल्यांची चुनखडी होणार, चुनखडीचा खडू, आणि 'आज मी बाईंच्या हातात आहे.' ही कलाटणी तिला इतकी आवडली होती की दप्तरात पुराव्यादाखल शाळेतला खडूही होता. मी आत्याकडून लिंबू मागितलं. कार्बनवाला दगड असेल तर लिंबाच्या रसाने फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो. खडू वाटीत घातला. बुडबुडे आले. कन्या उड्या मारायला लागली. मी दुसऱ्या वाटीत साधं पाणी घेतलं आणि खडूचा दुसरा तुकडा त्यात टाकला. तितकेच बुडबुडे. खडू सच्छिद्र असतो, पाणी शिरलं की आतली हवा बाहेर पडते, बाकी काही नाही. आपल्याकडचा साधा खडू बहुधा जिप्समचा करतात. कॅल्शियम आहे, गंधक आहे, ऑक्सिजन आहे, कार्बन औषधालाही नाही. बाईंच्या हातात नायक नव्हताच.

मग कन्येला परीक्षेचा नाद लागला. अंड्याचं टरफल मजेत फसफसलं. वाड्याचा काळा दगड ढिम्म राहिला, तो आपला सह्याद्रीचा बेसाल्ट, लाव्ह्याचा. पडवीतली शहाबादी फरशी बारीक चुरचुरली आणि तिच्यावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला, तो अजून आहे. आत्या दर खेपेला दाखवते. शहाबादी म्हणजे चुनखडीच. पण तिच्यात शिंपले शोधायला जाऊ नये. शंख-शिंपल्यांचे जीव समुद्रात यायच्याही आधी, पाण्यातला चुना बारीक गाळ होऊन तळाशी बसत गेला, त्याची ती झालेली आहे. आपण जिच्यावर पापड वाळत घालतो, ती फरशी शिंपल्याहून वडीलधारी.

"पण हे सगळं व्हायला किती वर्षं लागतात!" कन्या रडवेली झाली. "म्हशीतून खडकात एका दिवसात जाता येईल असं काही नाही का?"

होतं. आणि ते आत्याच्या न्हाणीघरामागे पिंपात होतं.

जुन्या भिंतीला सिमेंट धरत नाही म्हणून आत्याने वाड्याच्या डागडुजीसाठी चुना भिजवून ठेवला आहे, सात-आठ वर्षं झाली. वर वीतभर पाणी ठेवायचं, ते आटू द्यायचं नाही, मग चुना लोण्यासारखा राहतो. मी कन्येला या पिंपातल्या चुन्याचं पूर्वायुष्य सांगितलं. चुनखडीचा एक किलो दगड भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजला, की त्यातून ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६० ग्रॅम कळीचा चुना उरतो. दगडाचा आकार तोच राहतो, उचलला की हलका लागतो. कोट्यवधी वर्षं घरात बसलेले अणू एका दुपारी चिमणीतून बाहेर. दगड मागे राहिला तो यांच्याविना. त्यात पाणी घातलं, तोच हा पिंपातला लोण्यासारखा गोळा. आता याला कुठूनही कार्बन डायऑक्साइड मिळाला की याचा परत दगड होतो. चुन्याची भिंत वाळते म्हणतात ते अर्धंच खरं. ती हवेतून आपला कार्बन परत ओढून घेत असते.

चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात हलवला आणि गाळ बसू दिला. वरचं नितळ पाणी म्हणजे निवळी. आत्या गुळाचा रस निवळायला हीच वापरते, भेंडीच्या पाण्याबरोबर. तोवर गुळाचा चहा होऊन दीड तास उलटला होता. गूळ पोटात गेल्यावर त्यातला कार्बन तासा-दोन तासांत श्वासात यायला लागतो, तेव्हा वेळ बरोबर साधली. मी कन्येच्या हातात निवळीचा काचेचा ग्लास आणि शहाळ्याची नळी दिली. बजावलं, फुंकायचं, ओढायचं नाही, चुन्याने तोंड भाजतं.

पहिल्या चार-पाच फुंकांत काही झालं नाही. मग पाण्यात धुरकट रेघा उमटल्या, आणि मिनिटाभरात ग्लास ताकासारखा पांढरा झाला. हा प्रयोग सगळ्यांनी शाळेत केलेला असतो आणि 'निवळी दुधाळ होते' एवढं लिहून विसरलेला असतो. पण ते पांढरं काय आहे? ती चुनखडी आहे. निवळीत कार्बनचा एकही अणू नव्हता, तेव्हा त्या पांढऱ्यातला झाडून सगळा कार्बन कन्येचा. त्यातला काही दीड तासापूर्वी गुळात असलेला, त्याआधी उसात, त्याआधी हवेत. प्राण्यातून खडकात, एका मिनिटात.

उत्साहाच्या भरात ती फुंकतच राहिली आणि ग्लासातलं पांढरं परत विरळ व्हायला लागलं. घाबरू नये. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की चुनखडी पुन्हा विरघळते. पावसाचं पाणी डोंगरातून असंच काही ना काही विरघळवत आणतं, आणि समोरची कृष्णा याच अदृश्य रूपात कार्बन बंगालच्या उपसागराकडे नेत असते. हेच पाणी उकळलं की पांढरं परत खाली बसतं. बोअरच्या पाण्याने गिझरचं जे होतं ते हेच. आम्ही दुसरा ग्लास भरला आणि या वेळी वेळेवर थांबलो.

परत येताना स्कूटरवर मागून आवाज आला. "बाबा, माझा अणू आत्याच्या चुन्याच्या दगडातूनच सुटलेला असेल तर? भट्टीतून हवेत, उसात, गुळात, माझ्यात, आणि परत त्याच चुन्यात? घरी!"

मी म्हणालो, असे योगायोग फक्त मालिकांत होतात. जगभरच्या हवेत हरवलेला अणू नेमका आत्याच्या ग्लासात कसा येईल? घरी गेल्यावर तिला गप्प करायला म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. एक किलो दगडातून सुटलेले रेणू, सहावर चोवीस शून्यं. ते जगाच्या हवेत, झाडाझुडपांत आणि समुद्राच्या वरच्या थरात पुरते मिसळले असं धरलं, म्हणजे तिच्या विरुद्ध जाईल तेवढं धरलं. तिच्या एका श्वासात कार्बन डायऑक्साइडचे रेणू, पाचवर वीस शून्यं. भागाकार केला. परत केला. कुठे शून्य जास्त पडलं का ते पाहिलं.

त्या किलोभर दगडातून सात-आठ वर्षांपूर्वी सुटलेले अणू तिच्या एका श्वासात दहा-पंधरा हजार तरी निघतात. एका फुंकेत. एकच अणू हाताशी धरून त्याच्या मागे गेलं तर तो परत येण्याची आशा नाही. पण त्यातले काही हजार परत येतातच, कुणी बोलावो न बोलावो. ठरवूनही टाळता येणार नाही.

कन्येने कागद पाहिला आणि तिसरा खर्डा एका बैठकीत लिहिला. तो असा:

'आम्ही कार्बनचे पंधरा हजार अणू बोलतोय. आमच्यापैकी एकट्याचे सांगण्यासारखे काही नाही. आम्ही सगळे एकसारखे आहोत, आम्हाला नावे नाहीत. आम्ही पूर्वी एका दगडात होतो. तिथे फार वर्षे काही घडले नाही. मग कोणीतरी दगड भट्टीत घातला व आम्ही बाहेर आलो. आम्ही निघालो तेव्हा खूप होतो. हवेत पांगलो. काही समुद्रात गेले, ते अजून आले नाहीत. काही भातात गेले. तिथला साहेब हळू काम करतो. आम्ही उसात गेलो. तिथे कारकून आहे. आमच्या ओळीतले काही जण चिपाडाबरोबर जळाले व परत हवेत गेले, त्यांची भेट होईल असे वाटत नाही. काही वाढ्यात होते, त्यांना म्हशीने खाल्ले. म्हैस ढेकर देते. ते दहा वर्षांनी सुटतील. आम्ही गुळात गेलो. एका मुलीने चहा घेतला. आम्ही तिच्या रक्तातून फिरलो, पण तिला ओळखू शकलो नाही, कारण तिथे थांबता आले नाही. तिने फुंकले. समोर पांढरे पाणी होते. ते आमचेच घर होते. आता आम्ही परत दगड आहोत. काही घडत नाही.'

शब्द कमी भरले, पण ती आणखी एक ओळही घालायला तयार नव्हती. 'पांढरे पाणी' चूक आहे, फुंकण्याआधी ते नितळ होतं, हे मी सांगितलं. ते तिने दुरुस्त केलं. बाकी काही बदललं नाही.

बुधवारी वही परत आली. दहापैकी साडेसहा. लाल शाईत तीन शेरे: 'कल्पना बरी. ढेकर हा शब्द टाळावा. आत्मवृत्त नेहमी एकवचनी लिहावे.'

नमुना म्हणून शाळेत नेलेला दुसरा ग्लास ती रिकामा करून घरी घेऊन आली. तळाशी आणि कडेला पांढरा थर बसला होता, साबणाने घासून जाईना. तिच्या आईने भाजीला पिळलेल्या लिंबाची साल आतून फिरवली. चुरचुर असा बारीक आवाज झाला आणि ग्लास स्वच्छ निघाला. शेजारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.